बारा नंबरची बसवाली

४ मार्च

वहिनी,

पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू पाकीट फोडण्याआधीच ओळखलं असशील. फोनवर मी 'हो', 'बरं', 'बघू' यापलीकडे जात नाही म्हणून तू चिडतेस. म्हणून कागद घेतला.

घटस्फोटाला चार वर्षं झाली, आता एकटा राहू नकोस, म्हणून तूच मागे लागलीस आणि मी ते भेटीगाठीचं अॅप फोनवर घेतलं. दोन महिने कुणी ढुंकून बघितलं नाही. गेल्या सोमवारी एकीशी जुळलं. ती शहर बस चालवते, बारा नंबरच्या मार्गावर. फोटोत गणवेश घातलाय, हात स्टिअरिंगवर आणि चेहऱ्यावर 'लवकर फोटो काढा, सिग्नल सुटेल' असा भाव. मी लिहिलं, ''मी लिफ्ट दुरुस्त करतो. मी माणसांना उभं नेतो, तू आडवं नेतेस.'' तिने उत्तर दिलं, ''पण तुझ्याकडे सुट्ट्या पैशांवरून भांडत नाहीत.'' मी दिवसभर हसत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहाव्या मजल्यावर, लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा होतो. खिशात फोन थरथरायला लागला. एकामागून एक अकरा मेसेज. तिचा नवरा तिला मारायचा. सहा वर्षं. एकदा कानाखाली अशी बसली की डाव्या कानाने ऐकू येणं गेलं ते गेलंच. सातव्या महिन्यात बाळ गेलं. माहेरी पळून गेली, तर आईने दुसऱ्या सकाळी बॅग भरून परत पाठवलं. शेवटचा मेसेज होता, ''आधीच सांगून टाकलं. आता तुझं काय ते ठरव.''

वहिनी, माझ्या हातात मोजे होते. काहीतरी टाइप करायला गेलो आणि अंगठ्याचं चित्र गेलं. शाब्बास म्हणतात ना, तो अंगठा.

माझा कामावरचा जोडीदार वरच्या मजल्यावरून ओरडला, ''काय रे, दोर तुटल्यासारखा चेहरा का?'' त्याला सांगितलं. तो म्हणाला, ''ब्लॉक कर. एवढ्या लवकर सगळं सांगणारी माणसं एक तर गळ्यात पडतात, नाहीतर गळा कापतात. आज रडगाणं, उद्या पैसे.''

मी ब्लॉक केलं नाही. संध्याकाळी घरी येऊन तीन पानं होतील एवढं लिहिलं. अंगठ्याबद्दल माफी मागितली. तिला एकटं वाटू नये म्हणून माझा घटस्फोट सांगितला, दादाचं आजारपण सांगितलं, तो गेल्यावर मी कसा कोलमडलो ते सांगितलं. मग विचारलं, सहा वर्षं का राहिलीस? पोलिसांत का नाही गेलीस?

तिचं उत्तर आलं, ''चांगला प्रश्न आहे.'' त्यानंतर दोन दिवस काही नाही. तिला प्रश्न आवडला असेल ना?

तुझा
धाकट्या


८ मार्च

धाकट्या,

'चांगला प्रश्न आहे' म्हणजे तिला प्रश्न आवडला नाही, शहाण्या. बाईमाणसाने हे तीन शब्द लिहून पुढे काही लिहिलं नाही, तर पुरुषाने आपलं तोंड कुठे घालायचं ते ठरवावं.

तू ब्लॉक केलं नाहीस, हे मात्र बरं केलंस. आता नीट वाच.

मी गेली बावीस वर्षं लोकांचं रक्त काढते. सुई टोचायच्या आधीच काही माणसं घडाघडा बोलायला लागतात. ''माझी शीर सापडत नाही, मागच्या वेळी चक्कर आली, लहानपणी असं झालं होतं.'' पहिल्यांदा मला वाटायचं, ही लाडावलेली आहेत. मग कळलं, ती घाबरलेली असतात. पुढे काही वाईट होणारच असेल तर ते आत्ताच होऊन जाऊ दे, असं त्यांना वाटतं. तुझी बसवाली तेच करतेय. ''आता तुझं काय ते ठरव'' म्हणजे 'पळायचं असेल तर आजच पळ, माझा जीव गुंतल्यावर नको.' कुणी एकटेपणाने सांगतं, कुणाला माणूस चांगला वाटला म्हणून भरून येतं. आणि हो, कुणी गळ टाकायलाही सांगतं. कोणतं ते दुसऱ्या दिवशी कळत नाही. त्यासाठी दिवस जाऊ द्यावे लागतात. पैसे मागितले, घाई केली, 'तू नाहीस तर मी नाही' असं धरून ठेवलं, तर तुझा जोडीदार बरोबर. तोवर तो चूक.

आता तुझ्या तीन पानांबद्दल. तिने दुःख सांगितलं आणि तू त्यावर तुझं दुःख ठेवलंस. तुला वाटलं सोबत दिली. तिला वाटलं असेल, आता याचंही मीच सावरायचं. आणि 'का राहिलीस' हा प्रश्न नव्हे, तो ठपका असतो. मार खाणाऱ्या बाईला हे सगळ्यांनी विचारलेलं असतं, तिच्या आईनेही.

माझं ऐकशील तर एवढंच लिही: 'तू सांगितलंस ते मी पूर्ण वाचलं. जे झालं ते वाईट होतं आणि त्यात तुझी चूक नव्हती. माझा प्रश्न चुकला, उत्तर देऊ नकोस. पुढचं तुला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढंच सांग. नाही सांगितलंस तरी चालेल. आज बारा नंबरला गर्दी होती का?'

शेवटचा प्रश्न विसरू नकोस. तिला कळू दे की तुला फक्त तिची जखम दिसली नाही, बसही दिसली.

जेवत जा.

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

तू जादूगार आहेस. तू सांगितलेलं लिहिलं आणि दहा मिनिटांत उत्तर. ''गर्दी? आज एक माणूस कपाट घेऊन चढत होता.'' मग तिने ते कपाट, तो माणूस, मागच्या सीटवरची आजी, सगळं रंगवून सांगितलं. पुढचे चार दिवस आम्ही नुसते हसत होतो.

त्यानंतर तिने हळूहळू बाकीचं सांगायला सुरुवात केली. मी आता चांगला ऐकतो. मधे बोलत नाही, सल्ला देत नाही, 'का' विचारत नाही. तिची सकाळची पहिली फेरी संपते तेव्हा माझी चहाची वेळ होते, मग बसतो मशीन रूमच्या पायरीवर. जेवणाच्या सुट्टीत ती परत लिहिते. संध्याकाळी परत. नवऱ्याने तिला कोंडलं तो दिवस, हॉस्पिटलातला तो दिवस, आईच्या घरातली ती सकाळ. काही गोष्टी तिने तीन-तीनदा सांगितल्या. मी तिन्ही वेळा ऐकल्या. ती म्हणते, इतकं कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटतं, वहिनी, मी तिला बरं करतोय.

थोडा दमलोय खरा. रविवारी पोहायला जायचो ते दोन आठवडे राहिलं. झोप उडते मधेच आणि तिचंच आठवत राहतं. परवा एका इमारतीत तळमजल्यावर 'दुरुस्ती चालू' ही पाटी लावायची राहिली. एका आजोबांनी बाहेरून दार ओढलं आणि आत डबाच नव्हता. जोडीदाराने त्यांना मागे खेचलं. काही झालं नाही. काळजी करू नकोस.

आम्ही अजून भेटलो नाही. घाई कशाला?

धाकट्या


३ एप्रिल

धाकट्या,

'काळजी करू नकोस' असं लिहून तू मला रात्रभर जागं ठेवलंस. काही झालं नाही? जोडीदार तिथे नसता तर?

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिच्यावर काय काय गुदरलं ते मला आता पाठ झालं. तिला कोणतं गाणं आवडतं, सुट्टीच्या दिवशी ती काय करते, तुझ्याबद्दल तिने काय विचारलं, यातलं एक अक्षर नाही. तिला ठाऊक तरी आहे का तू पोहतोस ते?

बाबा रे, तू तिला बरं करत नाहीयेस. ती जखम उघडतेय आणि तू वाटी धरून बसलायस. एकच गोष्ट तीन-तीनदा सांगितली की माणूस दर वेळी हलका होतोच असं नाही. कधी कधी तो पुन्हा तिथेच जाऊन पडतो. ऐकायचं कसं हे शिकलेली माणसं असतात, त्यांचं ते काम असतं. तुझं काम लिफ्टचं. तुला तिची सोबत हवीय की रुग्ण हवाय, ते ठरव.

मर्यादा सांगायला लाजू नकोस. पण सांगताना आधी जवळीक सांग, मग मर्यादा, आणि मग पुढे काय ते सांग. असं लिही: 'तू माझ्यावर विश्वास ठेवलास, ते मला मोलाचं आहे आणि मला तुला ओळखायचंय. पण मेसेजवर हे रोज पेलणं मला जमत नाहीये, आणि तुझ्या गोष्टीला माझ्यापेक्षा जाणता माणूस हवा. या सगळ्यासाठी तुझं कुणी आहे का? आपण एकदा दिवसाढवळ्या चहाला भेटू आणि साध्या गप्पा मारू.'

एक गोष्ट वेगळी. ती कधी जीव नकोसा झाला असं म्हणाली, तर मर्यादा-बिर्यादा बाजूला. स्पष्ट विचार, 'जीव द्यायचा विचार मनात येतोय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मदतीच्या फोनचा नंबर दे, तिच्या जवळच्या एकाला तरी कळव, आणि मदत येईपर्यंत तिच्याशी बोलत राहा. पण एकट्याने राखण करत बसायचं नाही.

पाटी लावत जा.

वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

झालं तुझ्या मनासारखं. मर्यादा सांगितली. ती गेली. आठ दिवस झाले, उत्तर नाही. तिने प्रोफाइलही काढून टाकलंय. तिने विश्वासाने हात पुढे केला आणि मी 'इतकंच' म्हणून झटकला. तिच्या आईने केलं तेच मी केलं, असंच तिला वाटलं असणार.

तुला हे सोपं वाटतं. माणसांना दारात थांबवायची तुला सवयच आहे. दादाच्या शेवटच्या आठवड्यात मी रोज यायचो आणि तू खोलीच्या दारात उभी राहून मला परत पाठवायचीस. 'आज नको, तो झोपलाय.' सात दिवस तो झोपलेला होता? माझा सख्खा भाऊ होता तो. तू तेव्हा रडलीही नाहीस. अकरा वर्षांत मी यावर एक शब्द बोललो नाही, आज बोलतो. मर्यादांचे धडे तू दुसऱ्या कुणाला दे.

धाकट्या


२ मे

धाकट्या,

पंधरा दिवस मी उत्तर लिहायचं टाळलं. आधी राग आला. नंतर आठ-दहा कागद फाडले. आता जसं येईल तसं लिहिते.

तुझा दादा झोपलेला नव्हता. त्या आठवड्यात त्याचं वजन निम्मं झालं होतं, बोलताना लाळ गळायची, अंथरूण रोज दोन-तीनदा बदलावं लागायचं. जिन्यात तुझी पावलं वाजली की तो माझं मनगट धरायचा. म्हणायचा, ''त्याला आत सोडू नकोस. तो माझ्या खांद्यावर बसून मोठा झालाय. त्याने हे पाहायचं नाही.'' मी म्हणायचे, अरे, तुझा भाऊ आहे. तो म्हणायचा, ''म्हणूनच.'' मी शब्द दिला. तुला सांगितलं असतं तर तू दार ढकलून आत गेला असतास, म्हणून झोपेचं कारण दिलं. त्याच्यानंतर सांगायला हवं होतं. तू समोर आलास की तुझा चेहरा बघून धीर व्हायचा नाही. मग एक वर्ष गेलं, मग इतकी वर्षं गेली. ही माझी चूक.

रडले नाही म्हणतोस. तुमच्यासमोर रडले नाही.

आणखी एक सांगते, हे माझ्या बहिणीलाही माहीत नाही. तो गेल्यावर तीन वर्षांनी तिने एका विधुर गृहस्थांशी माझी भेट ठरवली होती. सरळ माणूस, शाळेत भूगोल शिकवायचे. चहा समोर आला, त्यांनी विचारलं, ''प्रवास कसा झाला?'' आणि मला काय झालं देव जाणे, मी सुरू झाले. अंथरूण, वास, औषधं, आणि एका पहाटे मीच मनातल्या मनात 'आता संपू दे' म्हटलं होतं, तेसुद्धा. अनोळखी माणसाला! चहावर साय धरली तरी मी बोलतेच आहे. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, ''फार सोसलंत तुम्ही.'' मला रिक्षात बसवलं, हात हलवला. पुन्हा कधी फोन आला नाही.

त्या दिवशी घरी येईपर्यंत मला हलकं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी उठले तर लाजेने अंग जळत होतं. भर बाजारात पदर सुटावा तसं. त्यांना मी नको होते याचं दुःख नाही रे. त्यांनी 'तुमचं ऐकलं, पण मला पुढे जाणं जमणार नाही' असं एक वाक्य कळवलं असतं तर मी जेवले असते. काहीच न कळवल्यामुळे मी आठ वर्षं असं धरून बसलेय की माझी गोष्ट ऐकली की माणूस पळतो. परत कुणाला सांगितलीच नाही. तुलासुद्धा.

म्हणून सांगते, तुझी बसवाली कदाचित तुझ्यावर रागावलेली नाही. ती लाजलेली असेल. प्रोफाइल गेलं तरी तिचा फोन नंबर तुझ्याकडे आहे ना? एकदाच लिही. 'तू सांगितलंस त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, ते माझ्यापाशी सुरक्षित आहे. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. बोलावंसं वाटलं तर मी आहे.' मग गप्प बस. दुसऱ्यांदा लिहिलंस तर ती मागे लागणं होईल.

आणि खरं सांग, मी लिहून दिलेलं तू तसंच पाठवलं होतंस का?

वहिनी


२५ मे

वहिनी,

नाही. तसंच पाठवलं नव्हतं. तुझं वाक्य मला लांबलचक वाटलं, लाजही वाटली. मी लिहिलं होतं, ''मला हे झेपत नाहीये. तू डॉक्टरला दाखव.'' एवढंच. जवळीक नाही, चहा नाही. आणि तिने उत्तर दिलं नाही तेव्हा सगळं खापर तुझ्यावर फोडलं. हे लिहितानाही कान गरम झालेत.

तुझं पत्र मशीन रूममध्ये वाचलं. जोडीदार डबा घेऊन आला, माझा चेहरा पाहिला आणि शेजारी बसून जेवला. त्याच संध्याकाळी तिला तू सांगितलेलं लिहिलं, या वेळी एकही शब्द न गाळता. फक्त शेवटी एक भर घातली, ''डॉक्टरचं वाक्य मी फार वाईट लिहिलं, त्याबद्दल माफ कर.''

नऊ दिवसांनी तिचं उत्तर आलं. ''रविवारी अकराला डेपोसमोरच्या चहाच्या दुकानात. सांगण्यासारखं फक्त एक आहे, बाकी गप्पा.''

मी साडेदहालाच जाऊन बसलो. ती आली, फोटोपेक्षा ठेंगणी आहे. मी उठून खुर्ची ओढली तर म्हणाली, ''तिकडची नको. या बाजूला बस, डाव्या कानाने ऐकू येत नाही.'' इतकं सहज म्हणाली, जसं कुणी म्हणेल की साखर कमी टाक.

मग तिचं ते एक सांगितलं. ''मी सगळ्यांना दुसऱ्याच दिवशी सांगते. तुझ्याआधी पाच जणांना सांगितलं. तिघे पळाले, एक रोज खोदून खोदून विचारायला लागला, त्याला मीच हाकललं. एक म्हणाला, मी तुला वाचवीन. तू पहिल्यांदा अंगठा पाठवलास तेव्हा मी म्हटलं, हा सहावा.''

''आणि डॉक्टरला दाखव म्हणालो तेव्हा?''

''तेव्हा रडले. मग चिडले. मग वाटलं, खरंच की, मी याच्यावर रोज टोपलीभर ओततेय आणि हा सुट्टीच्या दिवशी काय करतो, कुठे राहतो, मला धड माहीत नाही.'' मग म्हणाली, ''माझं कुणी नाही असं नव्हतं. बायकांच्या मदत केंद्रात एक ताई आहेत. मधे जाणं सोडलं होतं. आता गुरुवारी परत जाते. ते तिकडे सांगते.''

मी म्हटलं, मला कधीच काही सांगू नकोस असं नाही. ती म्हणाली, ''माहीत आहे. येईल तेव्हा येईल. आता तुझं सांग.''

मी पोहण्याचं सांगितलं. लिफ्टचं सांगितलं. मग दादाचं निघालं. मी म्हटलं, माझा भाऊ गेला तेव्हा मला आत जाऊ दिलं नव्हतं, आणि का ते मला याच महिन्यात कळलं. तिथपर्यंत आलो आणि चहाचा पेला बाजूला सारला. तिने 'का' विचारलं नाही, आपलं दुःख पुढे केलं नाही. माझा पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, ''किती मोठा होता तुझ्यापेक्षा?'' मी म्हटलं, अकरा वर्षांनी. ''मग तुला पोहायला त्यानेच शिकवलं असेल.'' खरं होतं ते. मग मी त्याने मला विहिरीत कसं ढकललं ते सांगितलं, आणि ती इतकी हसली की दुकानदाराने वळून पाहिलं.

पुढचं ठाऊक नाही. पुढच्या रविवारी पुन्हा भेटायचं ठरलंय. नाहीच जमलं तर दोघांनीही तसं सांगायचं, न सांगता गायब व्हायचं नाही, असंही ठरलंय. तिनेच ठरवलं.

वहिनी, मी अकरा वर्षं तुझ्याकडे येऊन चहा पिऊन जायचो आणि मनात तुला त्या दारात उभी ठेवायचो. तिथे उभं राहणं तुला किती जड गेलं असेल, याचा मी एकदाही विचार केला नाही. त्या भूगोलाच्या गुरुजींनी जे कळवलं नाही ते मी कळवतो. तू सांगितलंस ते मी सगळं वाचलं. पहाटे तू जे मनात म्हटलंस, तेसुद्धा. मी पळणार नाही.

शनिवारी पहिल्या गाडीने येतोय. बोलावंसं वाटलं तर बोल, मी ऐकेन. नाही वाटलं तर तुझ्या मोरीतला नळ गळतोय असं मागे फोनवर म्हणालीस ना, तो बघू.

तुझा
धाकट्या